जुलाबाचं औषध चालू, जुलाबाचं कारणही चालू

पोस्ट लांब आहे. घरात साठीच्या पुढचं कुणी असेल, किंवा कुणाचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल वा होणार असेल, तर शेवटपर्यंत वाचा.

मी फिजिशियन आहे. माझं म्हणणं एका वाक्यात सांगतो. अँटिबायोटिकमुळे झालेल्या सी-डिफच्या जुलाबावर आपण दुसरं अँटिबायोटिक सुरू करतो, पण ज्याच्यामुळे तो झाला ते बंद करायला कुणीच तयार नसतं. मग पेशंट पंधरा दिवसांनी परत येतो आणि आपण म्हणतो, 'जंतू फार चिवट आहे हो.' जंतू चिवट आहेच. पण बऱ्याच वेळा त्याला परत घरात घेणारे आपणच असतो.

आधी या जंतूबद्दल. नाव क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसिल. पूर्वी याला क्लॉस्ट्रिडियम म्हणायचे, २०१६ मध्ये नाव बदललं. बोलताना सगळे सी-डिफ म्हणतात. हा मोठ्या आतड्यात वाढतो आणि विष सोडतो. त्या विषाने आतड्याचं अस्तर सोलवटतं. दिवसाला आठ-दहा पातळ जुलाब, पोटात कळा, ताप. वेळेत आवरलं नाही तर आतडं फुगतं आणि माणूस जातोसुद्धा. निरोगी माणसाच्या पोटात शिरला तरी बहुतेक वेळा याचं काही चालत नाही, कारण तिथे आधीच कोट्यवधी चांगले जंतू वस्ती करून असतात. अँटिबायोटिकने ती वस्ती उठवली की याचं फावतं. अँटिबायोटिक चालू असताना आणि ते संपल्यावरचा पहिला महिनाभर हा आजार व्हायचा धोका नेहमीच्या सात ते दहा पट असतो. नंतर तो कमी होतो, पण तीन महिन्यांपर्यंत राहतो.

गैरसमज नको म्हणून सांगतो, अँटिबायोटिकनंतरचा प्रत्येक जुलाब सी-डिफ नसतो. बहुतेक नसतातच, औषध थांबलं की तेही थांबतात. पण जो असतो तो ओळखायला आपण उशीर करतो, कारण आपल्याकडे त्याला एक तयार वाक्य आहे: 'गोळ्या गरम पडल्या.' ताक प्या, दहीभात खा, होईल बरं.

आता एक केस. ओळख पटू नये म्हणून किरकोळ तपशील बदललेत. हॉस्पिटलचं नाव विचारू नका, देणार नाही. ही गोष्ट एका हॉस्पिटलची नाहीच.

बाई एकोणसत्तर वर्षांच्या, तालुक्याच्या गावी राहणाऱ्या. मधुमेह आहे, पण आटोक्यात. गुडघा बदलायचं ठरलं. ऑपरेशनआधीच्या तपासण्यांत लघवीचं कल्चर झालं, त्यात ई-कोलाय निघाला. बाईंना लघवीला जळजळ नाही, ताप नाही, काहीच नाही. तरी सात दिवस लिव्होफ्लॉक्सासिन दिलं. का? रिपोर्टमध्ये जंतू आला म्हणून. त्रास नसताना लघवीत जंतू सापडणं हे या वयाच्या बायकांत, त्यातही मधुमेह असताना, अगदी सर्रास असतं. लघवीच्या मार्गाचं ऑपरेशन सोडून बाकी ठरवून केलेल्या ऑपरेशनआधी हे जंतू शोधू नका, सापडले तर औषध देऊ नका, असं अमेरिकेतल्या संसर्गरोग तज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये स्पष्ट लिहिलंय. गरोदर बाईची गोष्ट वेगळी, तिला द्यावं लागतं. या बाईंना गरज नव्हती.

ऑपरेशन झालं. तो दिवस पहिला धरू. पहिले तीन दिवस सेफ्ट्रिअॅक्सोनची इंजेक्शनं. चौथ्या दिवसापासून सेफ्युरोक्झिमच्या गोळ्या, दहा दिवस, 'कव्हर म्हणून'. सोबत सकाळी उपाशीपोटी पँटोप्रॅझोल. घरी सोडलं.

नवव्या दिवशी जुलाब सुरू झाले. दिवसाला आठ-नऊ, वास असा की सुनेला वेगळंच काहीतरी वाटलं. तिने जवळच्या दवाखान्यात विचारलं. तिथे जुलाब बांधायची लोपेरामाइड मिळाली आणि ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलची गोळी मिळाली. सेफ्युरोक्झिम चालूच, कारण 'कोर्स पुरा करायचा असतो'. म्हणजे अँटिबायोटिकने झालेल्या जुलाबावर आणखी एक अँटिबायोटिक, आणि मूळचं तसंच.

तेराव्या दिवशी ताप, पोट फुगलेलं, बाई गळून गेलेल्या. अॅडमिट केलं. पांढऱ्या पेशी १७ हजार. क्रिअॅटिनिन एरवी ०.९ असायचं ते १.६. विष्ठेची सी-डिफसाठी तपासणी केली, विष सापडलं. इथे त्या हॉस्पिटलला दाद देतो, तपासणी सुचली आणि निदान झालं. पांढऱ्या पेशी १५ हजारांवर किंवा क्रिअॅटिनिन दीडच्या वर असेल तर तो गंभीर सी-डिफ धरतात. त्यांनी लोपेरामाइड बंद केलं आणि तोंडावाटे व्हँकोमायसिन सुरू केलं, १२५ मिलीग्रॅम दिवसातून चार वेळा, दहा दिवस. औषध बरोबर, डोस बरोबर, मार्गही बरोबर.

मार्ग का म्हणतोय ते सांगतो. व्हँकोमायसिन शिरेतून दिलं तर ते रक्तात फिरतं, पण आतड्याच्या पोकळीत, जिथे हा जंतू बसलाय तिथे, कामापुरतं पोचत नाही. तोंडाने दिलं की उलट होतं. ते रक्तात जवळजवळ जातच नाही, सगळं आतड्यात उतरतं. म्हणून सी-डिफला ते तोंडानेच द्यायचं. कॅप्सूल मिळाली नाही तर इंजेक्शनची ५०० मिलीग्रॅमची बाटली विरघळवून तिचे चार भाग करून पाजतात. नातेवाईक बघतात आणि घाबरतात, 'अहो, इंजेक्शन प्यायला देतायत!' घाबरू नका, ते बरोबर आहे.

पण त्याच दिवशी, त्याच कागदावर, दुसऱ्या ओळीत सेफ्ट्रिअॅक्सोन परत सुरू झालं. कारण? 'पेशी १७ हजार आहेत, इन्फेक्शन दिसतंय.' अहो, इन्फेक्शन दिसतंय म्हणजे काय, सापडलंय! रिपोर्ट हातात आहे. पेशी वाढल्यात त्या सी-डिफमुळे. जखम कोरडी, छाती स्वच्छ, रक्ताच्या कल्चरमध्ये काही नाही. मग हे इंजेक्शन कुणासाठी? सात दिवस ते चाललं. घरी जाताना वर सात दिवस सेफिक्सिम.

आता दिवस मोजा. व्हँकोमायसिन तेराव्या दिवसापासून बाविसाव्या दिवसापर्यंत. सेफिक्सिम सव्विसाव्या दिवसापर्यंत. म्हणजे ऑपरेशनच्या दिवसापासून सलग सव्वीस दिवस या बाईंच्या पोटात कुठलं ना कुठलं सेफालोस्पोरिन होतंच. आणि शेवटचे चार दिवस तर असे होते, की सी-डिफला आवरणारं औषध संपलेलं आणि सी-डिफला रान मोकळं करून देणारं चालू. अठ्ठाविसाव्या दिवशी जुलाब परत सुरू झाले. यात आश्चर्य कसलं?

बाईंचा मुलगा माझ्याकडे आला तेव्हा त्याच्या हातात सगळ्या कागदांची पिशवी होती. त्याचा पहिला प्रश्न, 'डॉक्टर, व्हँकोमायसिनला जंतू दाद देत नाही का? आणखी स्ट्राँग काही नाही का?' दुसरा, 'लघवीत परत जंतू आलाय, त्याला कुठलं द्यायचं?'

दोन्ही प्रश्न स्वाभाविक आहेत. दोन्हींचं उत्तर 'नाही' आहे. का, ते नीट समजून घेऊ, कारण सगळी मेख इथेच आहे.

ज्यांनी शेती केलीय त्यांना हे लगेच कळेल. गाजरगवतावर तणनाशक मारलं की उभं गवत जळतं, मातीतलं बी जळत नाही. सी-डिफचंही तसंच. वाढणारा जंतू व्हँकोमायसिनने मरतो. पण हा जंतू बीजाणू करतो, टणक कवचातला, निजलेला. त्यावर व्हँकोमायसिन चालत नाही. डोस दुप्पट केला तरी चालत नाही. १२५ मिलीग्रॅमनेच आतड्यात औषधाचं प्रमाण जंतू मारायला लागतं त्याच्या कितीतरी पट होतं. तेव्हा ताकद कमी पडली म्हणून आजार उलटला, ही समजूत सोडून द्या. अगदी जिवावर बेतलेल्या केसमध्ये, आतडं बंद पडायला लागलं तर, ५०० चा डोस देतात, पण तिथलं गणित वेगळं आहे.

मग बी रुजतं केव्हा? रान रिकामं असतं तेव्हा. पीक दाट असेल तर तणाला ना ऊन मिळतं ना जागा. आतड्यातलं पीक म्हणजे आपले चांगले जंतू. ते एक फार नेमकं काम करतात. यकृतातून पित्ताबरोबर जी आम्लं आतड्यात येतात, त्यांचं रूप हे जंतू बदलतात. मूळच्या आम्लांमुळे सी-डिफचे बीजाणू जागे होतात. बदललेल्या आम्लांत जागा झालेला जंतू वाढू शकत नाही. म्हणजे चांगले जंतू हजर असतील तर बीजाणू जागा झाला तरी त्याची डाळ शिजत नाही. अँटिबायोटिकने ते बदल घडवणारे जंतू मेले की पोटात फक्त जागं करणारी आम्लं उरतात, रोखणारी नाहीत.

आणि आता खरी अडचण बघा. व्हँकोमायसिन हेही अँटिबायोटिकच आहे. सी-डिफ मारताना ते चांगल्या जंतूंचंही नुकसान करतं. म्हणून सगळं नीट केलं तरी पहिल्या उपचारानंतर साधारण चारातल्या किंवा पाचातल्या एकाला आजार उलटतो. एकदा उलटला की पुन्हा उलटायची शक्यता चाळीस टक्क्यांच्या आसपास जाते. उलटायचा असेल तर बहुतेक वेळा पहिल्या आठ आठवड्यांत. ही शर्यत आहे. व्हँकोमायसिन थांबल्यावर आधी काय उगवतं, चांगले जंतू की बीजाणू? या शर्यतीत चांगल्या जंतूंना रोज सेफिक्सिमच्या गोळीने झोडपलं, तर कोण जिंकणार हे सांगायला फिजिशियन कशाला हवा?

फिडॅक्सोमायसिन नावाचं औषध याच कारणासाठी चांगलं आहे. अमेरिकेत ते २०११ पासून आहे. २०० मिलीग्रॅम दिवसातून दोनदा, दहा दिवस. तेही रक्तात फारसं जात नाही, पण त्याचा नेम जास्त अचूक आहे. सी-डिफला मारतं, बाकीच्या वस्तीला कमी धक्का लावतं. २०११ मध्ये आलेल्या मोठ्या चाचणीत सुरुवातीला बरं होण्याचं प्रमाण दोन्ही औषधांत जवळपास सारखंच होतं. फरक पुढे पडला. व्हँकोमायसिन घेतलेल्यांपैकी २५ टक्क्यांना आजार उलटला, फिडॅक्सोमायसिन घेतलेल्यांपैकी १५ टक्क्यांना. म्हणून २०२१ पासून अमेरिकेच्या मार्गदर्शक सूचनांत तेच आधी सुचवतात, व्हँकोमायसिन त्यानंतर. आपल्या तालुक्याच्या मेडिकलमध्ये सहज मिळणारं हे औषध नाही, म्हणून आपला भार व्हँकोमायसिनवरच असतो.

पण हे महागडं औषध मिळालं तरी मूळ अँटिबायोटिक चालू ठेवायची मुभा मिळते का? याचंही उत्तर आकड्यांत आहे. त्याच औषधाच्या दोन मोठ्या चाचण्यांतले रुग्ण तपासले, तेव्हा चारातल्या एकाहून जास्त जणांना सोबत दुसरं अँटिबायोटिक चालू होतं असं निघालं. ज्यांना सी-डिफच्या उपचाराबरोबर दुसरं नव्हतं त्यांच्यात ९२.६ टक्के बरे झाले. ज्यांना होतं त्यांच्यात ८४.४ टक्के. जुलाब थांबायला पहिल्यांना ५४ तास लागले, दुसऱ्यांना ९७. म्हणजे जवळजवळ दोन दिवस जास्त. सत्तरीच्या माणसाला दिवसाला आठ जुलाब होत असताना दोन दिवस म्हणजे काय, हे ज्यांनी अंथरूण बदललंय त्यांना विचारा.

आता माझ्याच व्यवसायातल्या मित्रांचा आक्षेप. तो खोटा नाही. 'तुला बोलायला काय जातंय? अँटिबायोटिक बंद केलं आणि गुडघ्यात पू झाला तर? नातेवाईक माझी कॉलर धरतील, तुझी नाही.' बरोबर. गुडघ्यात पू झाला तर तो ऑपरेशन करणाऱ्याच्या नावावर चढतो. जुलाबाने बाई खंगली तर ते 'तिचं वय झालं होतं' या खात्यात जातं. एका चुकीचा हिशोब होतो, दुसरीचा होत नाही. म्हणून हात सारखा पहिल्या बाजूला झुकतो. मला हे कळतं.

पण ती भीती इथे चुकीच्या औषधाने शांत केली जातेय. ऑपरेशनच्या वेळी अँटिबायोटिक लागतंच, ते चीर देण्याआधी. तिथून पुढे बहुतेक ऑपरेशनांत चोवीस तासांपलीकडे ते द्यायची गरज नसते. पुढे दहा दिवस गोळ्या दिल्याने जखम जास्त सुरक्षित राहते, असं दिसत नाही. ऑपरेशन संपल्यावर ते लांबवू नका, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्येच सांगितलंय. म्हणजे ज्या विम्याचा हप्ता बाईंच्या आतड्याने भरला, त्या विम्यातून काहीच मिळणार नव्हतं.

आणि जिथे खरंच अँटिबायोटिक लागतं तिथे? रक्तात जंतू सापडलाय, हाडात पू आहे, हृदयाच्या झडपेला संसर्ग आहे. तिथे 'बंद करा' म्हणणारा मूर्ख ठरेल. मीही म्हणत नाही. पण तिथेही तीन गोष्टी हातात असतात. कल्चर बघून जितकं अरुंद औषध चालेल तितकं अरुंद करणं. जे सी-डिफला जास्त बोलावतात, म्हणजे क्लिंडामायसिन, सिप्रो-लिव्होच्या घराण्यातली, सेफ्ट्रिअॅक्सोन-सेफिक्सिमसारखी, अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह आणि कार्बापेनेम, त्यांच्याऐवजी शक्य असेल तिथे डॉक्सिसायक्लिनसारखं कमी धोक्याचं निवडणं. आणि जितके दिवस लागतात तितकेच देणं. असं नाइलाजाने दुसरं औषध चालू असेल तर काही डॉक्टर व्हँकोमायसिन ते संपेपर्यंत पुढे नेतात. त्यामागचा पुरावा तितका भक्कम नाही, पण त्यात विचार तरी आहे. आपल्याकडे दिसतो तो विचाराचा अभाव. त्या बाईंच्या डिस्चार्ज कार्डवर सेफिक्सिमपुढे कारण लिहिलेलं नव्हतं. कारण नव्हतंच, म्हणून.

आम्ही काय केलं ते सांगतो. लघवीच्या रिपोर्टला काहीही औषध दिलं नाही. जळजळ नाही, ताप नाही, तर तो रिपोर्ट फाइलला लावून ठेवायचा. पँटोप्रॅझोल कशासाठी चालू आहे ते शोधलं, कारण सापडलं नाही, बंद केलं. पोटातलं आम्ल दाबणाऱ्या गोळ्यांचा आणि सी-डिफचा संबंध अनेक पाहण्यांत दिसलाय, त्यामुळे ती गोळी विनाकारण कशाला? मग व्हँकोमायसिन परत, पण या वेळी उतरत्या पायऱ्यांनी. चौदा दिवस चार वेळा, पुढचे सात दिवस दोन वेळा, पुढचे सात दिवस एकदा, आणि मग तीन आठवडे दर तिसऱ्या दिवशी एकदा. एकूण सात आठवडे. यामागचा तर्क हाच, की मधल्या रिकाम्या दिवसांत बीजाणू जागे झाले तर पुढचा डोस त्यांना पकडेल आणि तोवर चांगल्या जंतूंना हळूहळू जागा मिळेल. बाकी एकही अँटिबायोटिक नाही.

चौथ्या दिवशी जुलाब दोनवर आले. मुलाने विचारलं, 'आता स्टूल परत तपासून जंतू गेला का बघायचं ना?' म्हटलं, नाही. बरं झाल्यावरही ही तपासणी कित्येक आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकते. ती बघून कुणीतरी परत औषध सुरू करेल. बाईंकडे बघा, कागदाकडे नको. औषध संपल्यावर आठ आठवडे वाट पाहिली. जुलाब परत आले नाहीत. गुडघाही ठणठणीत आहे, त्याला कधी काही झालंच नव्हतं.

काही जण म्हणतील एका केसवरून बोलतोय. मग देशाच्या पातळीवरचं घ्या. इंग्लंडमध्ये स्टोक मँडेव्हिल हॉस्पिटलमध्ये २००३ ते २००५ दरम्यान सी-डिफच्या दोन साथी आल्या. ३३४ रुग्ण, किमान ३३ मृत्यू. चौकशी झाली, देशभर गदारोळ झाला. त्यानंतर इंग्लंडने सिप्रोच्या घराण्यातल्या आणि सेफालोस्पोरिन औषधांचा वापर खाली आणला. २००६ नंतरच्या वर्षांत तिथला सी-डिफ साधारण ८० टक्क्यांनी कमी झाला. हात धुणं, वॉर्ड घासणं हेही जोरात चाललं होतं. पण २०१७ मध्ये जंतूंच्या जनुकांचा अभ्यास आला, त्यात दिसलं की नाहीसे झाले ते मुख्यतः सिप्रोला दाद न देणारे सी-डिफ. सिप्रोला दाद देणारे फारसे कमी झाले नव्हते. फक्त सफाईने फरक पडला असता तर दोन्ही सारखेच कमी व्हायला हवे होते. औषध आवरलं, म्हणून आजार आवरला. स्कॉटलंडमध्ये तर नर्सलासुद्धा लक्षात राहावं म्हणून चार 'सी' ची यादी केली होती: क्लिंडामायसिन, को-अमॉक्सिक्लॅव्ह, सेफालोस्पोरिन, सिप्रोफ्लॉक्सासिन. आपल्या कुठल्याही गावातल्या मेडिकलमधून संध्याकाळच्या तासाभरात किती गोळ्या जातात आणि त्यातल्या किती या यादीतल्या असतात, एकदा उभं राहून बघा.

कायदे आपल्याकडेही आहेत. मार्च २०१४ पासून शेड्यूल एच-वन लागू आहे. सेफिक्सिम, लिव्होफ्लॉक्सासिन यांसारखी औषधं चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत आणि विक्रीची नोंद तीन वर्षं ठेवायची. जानेवारी २०२४ मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालकांनी वैद्यकीय महाविद्यालयांतल्या डॉक्टरांना पत्र लिहून सांगितलं, की अँटिबायोटिक लिहिताना त्याचं कारण चिठ्ठीवर लिहा. चांगलं पत्र होतं. पण पत्राने सवय बदलत नाही, आणि खाजगी हॉस्पिटलच्या डिस्चार्ज कार्डवर ते पोचलेलंच नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे, पैसे लागणारी नाही. प्रत्येक हॉस्पिटलच्या डिस्चार्ज कार्डवर प्रत्येक अँटिबायोटिकपुढे दोन रकाने असावेत: कशासाठी, आणि कोणत्या तारखेला बंद. पहिला रकाना रिकामा राहिला तर ते औषध लिहूच नये. आणि सी-डिफचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की व्हँकोमायसिन लिहिण्याआधी, त्याच कागदावर, चालू असलेल्या प्रत्येक अँटिबायोटिकपुढे 'बंद' किंवा 'चालू, कारण अमुक' असं सही करून लिहावं. पूर्वी, जेव्हा विशेष उपचार नव्हते, तेव्हा सौम्य आजारात पाचातला एखादा रुग्ण फक्त मूळ औषध थांबवल्याने बरा व्हायचा. आज तेवढ्यावर थांबायचं नाही, उपचार द्यायचाच. पण उपचाराची पहिली ओळ तीच आहे, आणि नेमकी तीच आपण गाळतो.

आता तुमच्यासाठी. स्वतःच्या मनाने कुठलंही औषध बंद करू नका, ते या पोस्टचं सांगणं नाही. पण अँटिबायोटिक घेताना किंवा घेतल्यावर तीन महिन्यांच्या आत दिवसाला तीन किंवा जास्त पातळ जुलाब व्हायला लागले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना सगळ्या गोळ्यांची पाकिटं दाखवा आणि विचारा, 'यातलं कुठलं आता बंद करता येईल?' जुलाब बांधायची गोळी स्वतःहून देऊ नका. ताप, फुगलेलं पोट, गुंगी दिसली, किंवा जुलाब एकाएकी थांबून पोट मात्र फुगत चाललं, तर ते बरं होणं नव्हे, तडक हॉस्पिटल गाठा. घरात पेशंटचं करणाऱ्याने हात साबणाने आणि वाहत्या पाण्याने धुवायचे. सॅनिटायझरच्या अल्कोहोलने बीजाणू मरत नाहीत. संडास ब्लीचने धुवा. आणि पुढची कित्येक महिने, अगदी दातासाठी गेलात तरी, आधी सांगा: 'आम्हाला सी-डिफ झाला होता. अँटिबायोटिक लागेलच का?'

डॉक्टर चिडतील, अशी भीती वाटते ना? चिडू देत. ज्याच्याकडे कारण आहे तो दोन वाक्यांत सांगेल. ज्याच्याकडे नाही तो चिडेल. दोन्हींतून तुम्हाला हवं ते कळेल.